स्वतःच्या शोरूमसाठी स्वतःच रॅक बनवले: हा खर्च की मालमत्ता?

या व्हिडिओत मी आकडे भराभर सांगितले. नंतर बऱ्याच जणांनी तेच हवं म्हणून विचारलं, त्यामुळे इथे सावकाश, हिशेबासकट मांडतोय.

आपल्या उलव्यात एक गोष्ट सगळीकडे दिसते. खारकोपर आणि बामणडोंगरी स्टेशनांच्या आसपास नवीन टॉवर उभे राहिलेत आणि प्रत्येकाच्या खाली गाळ्यांची रांग आहे. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि लोकलही उरणपर्यंत गेली, तेव्हापासून इथे फर्निचरला गिऱ्हाईक आहे. नवीन फ्लॅट म्हटलं की वॉर्डरोब आलं, टीव्ही युनिट आलं. साहजिकच तळोजा एमआयडीसीत कारखाना असलेला एखादा फर्निचरवाला उलव्यात शोरूम काढतो. गाळा मिळतो तो कोराच असतो, चार भिंती आणि शटर. मालक म्हणतो, "रॅक बाहेरून कशाला आणू? माझाच कारखाना आहे, माझेच कारागीर आहेत."

अगदी बरोबर निर्णय. पण इथूनच हिशेबाचा गोंधळ सुरू होतो. रॅकचं कुठलंही बिल येत नाही. बोर्ड आधीच खरेदीत आहेत, कारागिरांचा पगार आधीच पगारात आहे. वहीत काहीच नवीन घडलं नाही आणि शोरूममध्ये मात्र बारा रॅक उभे आहेत. मग ते ताळेबंदात दिसणार कुठून?

उत्तर एका वाक्यात: तो या वर्षीचा खर्चही नाही आणि विक्रीही नाही. ती मालमत्ता आहे, आणि तिची किंमत म्हणजे ती बनवायला तुम्हाला खरोखर जेवढा खर्च आला तेवढी. आता ही किंमत काढायची कशी ते बघू, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

बारा रॅकचा हिशेब

उदाहरण घेऊ. रॅक सात फूट उंच, चार फूट रुंद, पंधरा इंच खोल. अठरा एमएमचा प्री-लॅम बोर्ड, पाठीला सहा एमएम. आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमचे दर तुमच्या खरेदी बिलावरून घ्या, आणि सगळे जीएसटी सोडून घ्या. का, ते पुढे येईलच.

आठ बाय चारच्या एका बोर्डातून पंधरा इंची तीन पट्ट्या निघतात. एका रॅकला दोन पट्ट्या बाजूंसाठी आणि तीन पट्ट्या सहा फळ्यांसाठी, म्हणजे पाच लागतात. बारा रॅकना साठ पट्ट्या, म्हणजे वीस बोर्ड. २,४०० रुपये दराने ४८,००० रुपये. पाठीचे बारा शीट ९०० रुपयांनी १०,८००. एज बँड १,८००. मिनीफिक्स, स्क्रू, पाय, भिंतीचे क्लॅम्प मिळून ५,४००. एकूण माल ६६,००० रुपये.

बाजूची पट्टी आठ फुटांची असते आणि वापर सात फुटांचा. तो एक फुटाचा तुकडा वाया जातो. त्याची किंमत रॅकमध्येच धरायची, कारण गिऱ्हाइकासाठी बनवतानाही तो वाया जातोच. पण समजा स्टोअरमधून वीसऐवजी बावीस बोर्ड बाहेर गेले, कारण एका दिवशी माप चुकलं आणि दोन बोर्ड उलटे कापले गेले. त्या दोन बोर्डांचे ४,८०० रुपये रॅकच्या किमतीत घालायचे नाहीत. ते त्या वर्षाचं नुकसान म्हणून नफा-तोटा पत्रकात जातं. मालमत्तेच्या किमतीत चूक भरून ठेवता येत नाही. आपल्याकडच्या लेखामानक १० मध्ये हे स्पष्ट आहे: स्वतः बनवलेल्या मालमत्तेत माल किंवा मजुरीची असाधारण नासाडी धरायची नाही.

आता मजुरी. इथे सगळ्यात जास्त अंदाजपंचे चालतं. "दोन माणसं होती, आठवडाभर काम चाललं, लिहा पंचवीस हजार." असं नको. कारागिराचा महिन्याचा पगार २६,००० रुपये, कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला १,००० रुपये. पण तुम्हाला तो हजारात पडत नाही. पीएफमधला मालकाचा हिस्सा, बोनस, पगारी सुट्ट्या धरल्या की समजा १,१५० रुपये पडतात. रॅकमध्ये हा १,१५० घ्यायचा. हेल्परचा असाच सगळं धरून ७०० रुपये.

जॉब कार्डवर कारागिरांचे १५ दिवस लागलेत. त्यातला एक दिवस त्या उलट्या कापलेल्या बोर्डांमागे गेला, तो बाहेर. राहिले १४: बारा कारखान्यात, दोन उलव्यात रॅक उभे करून भिंतीला धरायला. जागेवर बसवण्याची मजुरी मालमत्तेच्या किमतीत येते, त्यामुळे तेही दोन दिवस आत. १४ दिवसांचे १६,१०० आणि हेल्परच्या १० दिवसांचे ७,०००, मिळून २३,१०० रुपये.

मालकाने स्वतः उभं राहून काम करून घेतलं, त्याचं काय? तुम्ही प्रोप्रायटर असाल तर शून्य. तुम्ही स्वतःला पगार देत नाही, मग जो खर्च झालाच नाही तो मालमत्तेत टाकणार कसा? कितीही वाईट वाटलं तरी शून्यच.

कारखान्याचा भाडं-वीज खर्च धरायचा का?

धरायचा, पण त्याचा ठरलेला वाटाच. जी कंपनी तशाच वस्तू विकायला बनवते, तिने स्वतःसाठी बनवलेल्या वस्तूची किंमत साधारणपणे विक्रीच्या वस्तूच्या उत्पादन खर्चासारखीच काढायची, असं लेखामानक सांगतं. म्हणजे गिऱ्हाइकाचं वॉर्डरोब कॉस्टिंग करताना तुम्ही जो कारखान्याचा वाटा लावता तोच रॅकला लावायचा.

समजा कारखान्याचं भाडं, वीज, मशीनचा घसारा, सुपरवायझर मिळून महिन्याला १,०४,००० रुपये. आठ कारागीर, २६ दिवस, म्हणजे नेहमीच्या महिन्यात २०८ कारागीर-दिवस. भागिले की एका दिवसाला ५०० रुपये. रॅकचे कारखान्यातले १२ दिवस, म्हणून ६,००० रुपये. उलव्यातल्या दोन दिवसांत कारखान्याची मशीन चालली नाही, म्हणून त्यांना हा वाटा लावला नाही.

आता खरी गंमत. लोक स्वतःचं काम कधी काढतात? ऑर्डर नसतात तेव्हा. पितृपक्षात, किंवा पावसात काम थंड असतं तेव्हा. समजा त्या महिन्यात २०८ ऐवजी १०४ दिवसच काम झालं. १,०४,००० भागिले १०४ केलं तर दर होतो १,००० रुपये, आणि रॅकवर बसतात १२,०००. हे करायचं नाही. रिकाम्या कारखान्याचा तोटा रॅकवर चढवला, तर मंदीच्या महिन्यात बनवलेला रॅक तेजीतल्या रॅकपेक्षा महाग ठरतो, आणि रॅक तर तोच आहे! दर नेहमीच्या क्षमतेचाच, ५०० रुपये. उरलेलं त्या महिन्याच्या खर्चात जातं.

ऑफिसचा अकाउंटंट, जाहिरात, शोरूमच्या उद्घाटनाचा मांडव आणि पेढे, यातलं काहीही रॅकमध्ये येत नाही. कर्जाचं व्याजही नाही. ते मालमत्ता तयार व्हायला बराच मोठा काळ, साधारण वर्षभर, लागत असेल तेव्हाच. रॅक तर पंधरा दिवसांत उभे राहिले.

तळोज्याहून उलव्याला टेम्पोचे ३,५०० रुपये मात्र येतात. आता बेरीज: ६६,००० अधिक २३,१०० अधिक ६,००० अधिक ३,५००, बरोबर ९८,६०० रुपये. एक रॅक पडला साधारण ८,२१७ रुपयांना.

"पण मी हाच रॅक साडेतेरा हजारांना विकतो!"

हा प्रश्न येतोच. बारा रॅक १३,५०० रुपयांनी म्हणजे १,६२,००० रुपये. मग ताळेबंदात १,६२,००० का नको? बँकेला दाखवायला बरं दिसतं, ६३,४०० रुपये नफाही दिसतो.

कारण कोणी विकत घेतलंच नाही. नफा गिऱ्हाइकाकडून येतो. स्वतःच्या कारखान्याने स्वतःच्या शोरूमला विकलं तर डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात गेले, वाढले नाहीत. लेखामानकातही अंतर्गत नफा काढून टाका असं सरळ लिहिलंय. आणि व्यवहाराचं सांगतो, बँकेचा माणूस स्टॉक-फर्निचर बघायला आला, त्याने बिलं मागितली आणि त्या ६३,४०० च्या मागे कागद सापडला नाही, तर तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

काहीच केलं नाही तर काय बिघडतं?

उलट बाजूची चूक जास्त जण करतात, म्हणजे काहीच नोंद करत नाहीत. छोट्या धंद्यात वर्षअखेरीस आपण सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी वजा शेवटचा स्टॉक करतो आणि उरलेलं 'वापरलेला माल' म्हणून विक्रीच्या समोर टाकतो. रॅकमध्ये गेलेले वीस बोर्ड ३१ मार्चच्या मोजणीत नसतात. म्हणजे ते आपोआप विकलेल्या मालात जाऊन बसतात. कोणी चोरी केली नाही, कोणी चूक लिहिली नाही, तरी आकडा खोटा झाला.

त्याचा फटका किमती ठरवताना बसतो. समजा त्या तिमाहीत विक्री आठ लाख, आणि वापरलेला माल चार लाख दिसतोय. मालक म्हणतो, माल पन्नास टक्के लागतोय, भाव वाढवायला हवेत. पण त्या चार लाखांत रॅकचे ६६,००० आहेत. ते काढले की ३,३४,००० राहतात, म्हणजे पावणेबेचाळीस टक्के. पन्नास टक्के धरून दिलेलं कोटेशन शेजारच्या सेक्टरमधला दुकानदार सहज खाली पाडतो, आणि तुम्हाला कळतही नाही की ऑर्डर का गेली.

करातही गडबड होते. रॅक मालमत्ता असल्यामुळे पूर्ण ९८,६०० रुपये या वर्षी वजा करता येत नाहीत. आयकरात फर्निचरवर दरसाल शिल्लक किमतीच्या १० टक्के घसारा मिळतो, आणि त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. शोरूम २० नोव्हेंबरला उघडलं तर ३१ मार्चपर्यंत १३२ दिवस होतात. म्हणून पहिल्या वर्षी ५ टक्के, ४,९३० रुपये. पुढच्या वर्षी राहिलेल्या ९३,६७० वर १० टक्के, ९,३६७ रुपये. तुम्ही प्रिझम्प्टिव्ह पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरत असाल, तर घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यातच धरलेला असतो. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीच्या पुस्तकात फर्निचरचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरून वेगळा घसारा लागतो. ते तुमचे सीए करतील.

रॅक ठेक्यावर बाहेरच्या कारागिराकडून बसवून घेतले असतील तर एक जपा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलेत, तर आयकरात ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे त्यावर घसारा कायमचा गेला. बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

नोंद कशी करायची

काम सुरू व्हायच्या आधी स्वतःच्या नावाने जॉब कार्ड काढा, गिऱ्हाइकासाठी काढता तसंच. "शोरूम रॅक, उलवे, बारा नग." त्यावर स्टोअरमधून गेलेला माल आणि कोण किती दिवस होतं ते रोजच्या रोज लिहा. महिन्यानंतर आठवून लिहिलेली हजेरी कोणालाच पटत नाही, तुम्हालाही नाही. सगळं पूर्ण झालं की एक जर्नल एंट्री:

फर्निचर व फिक्श्चर खाते नावे ९८,६००
जमा: माल खरेदी (स्वतःच्या वापरासाठी) ६६,०००
जमा: मजुरी व पगार २३,१००
जमा: कारखाना खर्च ६,०००
जमा: वाहतूक ३,५००

टॅलीमध्ये एक गाठ लक्षात ठेवा. स्टॉक जर्नलने बोर्डांची संख्या कमी होते, पण त्याने खरेदीच्या लेजरला हात लागत नाही. वरची एंट्री वेगळी करावीच लागते. फक्त स्टॉक जर्नल केलं तर आपण आत्ताच पाहिलेली गडबड जशीच्या तशी राहते. ३१ मार्चला काम अर्धवट असेल तर तोवरचा खर्च 'चालू भांडवली काम' म्हणून दाखवा. त्यावर घसारा नाही.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. टाटा मोटर्सचं नफा-तोटा पत्रक काढून बघा. खर्चांच्या यादीत 'अमाउंट ट्रान्सफर्ड टू कॅपिटल अँड अदर अकाउंट्स' अशी एक ओळ वर्षानुवर्षं दिसते, आणि ती खर्चातून वजा केलेली असते. त्यांचा मोठा भाग नवीन गाड्या विकसित करण्याचा असतो, आपल्याकडे रॅक आहेत. तत्त्व तेच: पगार, माल वगैरे आधी खर्चात आले, मग जो भाग मालमत्तेत गेला तो खर्चातून बाहेर काढला.

दोनेक हजारांच्या एका फळीसाठी मात्र एवढा खटाटोप करू नका. स्वतःची एक मर्यादा ठरवा, सीएला सांगा आणि दरवर्षी तीच पाळा.

जीएसटीचं काय?

बोर्ड घेताना १८ टक्के जीएसटी दिलात आणि आयटीसी घेतलंत. रॅक धंद्यासाठीच वापरताय, म्हणून ते परत करावं लागत नाही. अट एकच: आयटीसी घेतलं असेल तर तो कर मालमत्तेच्या किमतीत घालून त्यावर घसारा घ्यायचा नाही. दोन्हीकडून फायदा मिळत नाही. म्हणूनच वर सगळे आकडे जीएसटी सोडून घेतले.

पण रॅक आणि गाळ्याचं बांधकाम यांत फरक करा. क्लॅम्पने धरलेला रॅक स्क्रू काढला की उचलून दुसरीकडे नेता येतो, ते फर्निचर. त्याच वेळी केलेलं फ्लोअरिंग, भिंत पाडून केलेलं पार्टिशन, हे स्थावर मालमत्तेचं काम. त्याचा खर्च कॅपिटलाइज केलात तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे त्यावरचं आयटीसी मिळत नाही. म्हणून ठेकेदाराकडून "शोरूम इंटेरियर, एकरकमी" असं एकच बिल घेऊ नका. रॅकचं वेगळं, बांधकामाचं वेगळं.

कारखाना आणि शोरूम एकाच जीएसटी नंबरवर असतील तर रॅक नेताना टॅक्स इनव्हॉइस नाही, डिलिव्हरी चालान लागतं. उलव्याचा पत्ता नोंदणीत व्यवसायाची जादा जागा म्हणून आधी जोडून घ्या. कारखाना गोव्यात किंवा सिल्व्हासात असेल तर मात्र नोंदणी वेगळी, आणि स्वतःलाच पाठवलेला माल कायद्याने पुरवठा ठरतो. तिथे टॅक्स इनव्हॉइस काढावाच लागतो. तरीही पुस्तकात रॅक खर्चाच्या किमतीलाच दिसणार, इनव्हॉइसच्या किमतीला नाही.

रॅकवर ठेवलेला माल

रॅक मालमत्ता, पण रॅकवर किंवा शेजारी मांडलेला सोफा, स्टडी टेबल, शू रॅक हा विकायचा माल आहे. तो वर्षभर डिस्प्लेला उभा असला तरी स्टॉकच. त्यावर घसारा नाही. डाग पडला, फॅशन गेली आणि विक्रीची किंमत खर्चाच्या खाली आली, तर स्टॉकची किंमत कमी दाखवायची.

आणि हो, फर्निचरच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक हमखास भिंतीवरच्या रॅककडे बोट दाखवून म्हणतं, "हाच द्या." ऑर्डर घ्या आणि कारखान्यातून नवीन बनवून द्या, ती साधी विक्री झाली. भिंतीवरचाच काढून दिलात तर ती मालमत्तेची विक्री होते. आयकरात मिळालेली रक्कम फर्निचरच्या शिल्लक किमतीतून वजा होते, आणि जीएसटी लावताना विक्रीच्या रकमेवरचा कर आणि पूर्वी घेतलेल्या आयटीसीचा उरलेला भाग यांतलं जे जास्त असेल ते भरावं लागतं. त्या दिवशी बिल फाडायच्या आधी सीएला एक फोन करा, आणि जॉब कार्ड हाताशी ठेवा, कारण रॅकची मूळ किंमत ते पहिल्यांदा तिथेच विचारतील.